बक्षिसाची परात

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं वाचताना तुम्ही म्हणाल, बाई मोठी समजूतदार, सगळ्यांच्या जिवाची काळजी करणारी. काळजी होती, नाही असं नाही. पण हेवाही होता, आणि दोन्ही एकाच पोटात असल्यामुळं कुठलं दुखणं कशाचं, हे मला स्वतःलाच कधी धड कळलं नाही.

आम्ही नागापूरला राहतो, एमआयडीसीच्या अलीकडं. एका प्लॉटवर दोन भावांची दोन घरं. पुढच्या घरात मी आणि आमचे हे, मागच्या घरात धाकटी आणि भाऊजी. मध्ये अंगण, आणि अंगणाच्या कडेला पत्र्याची एक खोली. तिचं दार अंगणात उघडतं आणि खिडकी मागच्या बोळात. त्या खोलीत एरवी पोती, जुनी सायकल, उन्हाळ्याचा कूलर असलं सगळं पडलेलं असतं. दिवाळी आली की ते बाहेर निघतं, खोली धुतली जाते आणि ती तळणाची खोली होते.

सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. आत्यांचं माहेर पाथर्डीकडचं. त्यांच्या घरात तळणाचं मोठं प्रस्थ. दिवाळीला दोन्ही घरांचं फराळाचं तळण एकत्रच व्हायचं, आत्यांच्या सासूच्या लोखंडी कढईत, आणि ते करणारी बाई एकच. तिनं तळायला बसायचं, बाकीच्यांनी लाटायचं, निवडायचं, डबे पुसायचे. पै-पाहुणा आला की विचारायचा, यंदा तळण कुणाचं? आणि आत्या नाव सांगायच्या. तो मान. हसू नका, घरात राहणाऱ्या बाईला एवढा मानसुद्धा पुष्कळ असतो.

लग्न होऊन आल्यापासून तो मान माझा होता. मग धाकटी आली. तिचं माहेर राजूरचं, अकोले तालुक्याच्या डोंगरातलं. अंगानं बारीक, बोलायला मऊ, आणि चकली अशी करायची की बाई गं! काट्याला काटा, तोंडात टाकली की कुर्रकन मोडायची आणि तेलाचा थेंब बोटाला लागायचा नाही. पहिल्याच दिवाळीला आत्यांनी तिची चकली खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता थोरलीला इसावा द्या जरा. लई वर्सं बसली ती तेलापुढं."

विसावा! मी काय मागितला होता? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वरवर हसले आणि म्हटलं, "हो ना, बरंच झालं." आणि कढई स्वतःच्या हातानं घासून तिला नेऊन दिली. ती कढई हातातून सोडताना काय वाटलं ते माझं मला माहीत.

आता त्या घरातली एक रीत सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. आत्यांच्या मते तळणाला दृष्ट लागते. तेल तापलं आणि बाहेरच्या कुणी पाहिलं की चकली तेल पिते, करंजी फुटते, अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून त्याचे तुकडे तुकडे होतात. म्हणून तळण सुरू झालं की दाराला आतून कडी आणि खिडकी बंद. तळणारी एकटी आत. बाकीच्यांनी बाहेरूनच डबे द्यायचे आणि घ्यायचे. मी तळायचे तेव्हाही तसंच होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट कडी लावली की मी स्वतःला राणी समजायचे.

कडी माझ्यासाठी लागायला लागली तेव्हा ती मला दिसली.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या बचत गटानं समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला होता. चकलीची स्पर्धा, हळदीकुंकू, आणि गॅस एजन्सीचा एक माणूस येऊन सुरक्षेची माहिती सांगणार, असं सगळं एकात एक. मी स्पर्धेत भाग घेतला नाही. धाकटीनं घेतला आणि पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलची मोठी परात, जाड बुडाची, आरशासारखी. टाळ्या वाजल्या. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, परात छातीशी धरून तिचे फोटो निघाले. आत्यांनी फोटोत घुसून परातीचा एक काठ पकडला. मला कुणी बोलावलं नाही.

मला ते बघवेना. अगदी बघवेना. मी खुर्ची उलटी फिरवली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला तोंड केलं. तिथं तो एजन्सीचा माणूस बिचारा एकटाच उभा होता, पुढ्यात चार-दोन म्हाताऱ्या. बाकी सगळ्या फोटोत. नाइलाजानं मी त्याच्याकडं बघत बसले. रागानं माणूस कुठंतरी डोळे रोवून बसतो ना, तशी.

त्यानं मैदानात नेऊन एका छोट्या कढईत तेल पेटवून दाखवलं. धूर यायला लागला की तेल तुम्हाला सांगतंय, आता गॅस बंद कर, असं तो म्हणाला. ते ऐकलं नाही की तेल आपलं आपणच पेटतं, ठिणगी लागायची गरज नाही. पेटल्यावर त्यानं गॅस बंद केला आणि कढईवर एक झाकण सरकवलं. जाळ गप्प. "आता उचलून बघायचं नाही," तो म्हणाला. "निवेपर्यंत हात लावायचा नाही. हवा मिळाली की परत पेटतं." मग पुन्हा पेटवून, आम्हाला लांब उभं करून, लांबलचक दांड्याला बांधलेल्या वाटीतनं इवलंसं पाणी त्यात ओतलं. आई गं! भक्कन आगीचा लोळ उठला, माणसाच्या दुप्पट उंच. म्हाताऱ्या ओरडल्या. मीही ओरडले. हॉलमध्ये फोटो काढणाऱ्यांना वाटलं, फटाका वाजला.

पाणी तेलाखाली जातं, तिथं त्याची एकदम वाफ होते आणि ती वाफ पेटलेलं तेल घेऊन वर उडते, असं त्यानं समजावलं. मग सिलिंडरचं सांगितलं. सिलिंडर नेहमी उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, दोन्हींत अंतर, आणि रेग्युलेटर असा हाताशी की जाळ ओलांडून जावं लागू नये. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीवर साचतो, म्हणून खोलीत वारा खेळता पाहिजे.

वारा खेळता! माझ्या डोळ्यांपुढं आमची पत्र्याची खोली आली. मोठी कढई ओट्यावर मावत नाही म्हणून शेगडी जमिनीवर, तिला चिकटून सिलिंडर, दार बंद, खिडकी बंद, आणि कढई काठोकाठ भरलेली. मीही वर्षानुवर्षं तशीच बसले होते आणि काही झालं नाही, हे केवळ नशीब.

घरी आल्यावर मी बोलले. बोलले ते चुकलंच, कारण वेळ चुकीची होती. आत्या परात भिंतीला टेकवून लांबून न्याहाळत होत्या आणि मी म्हटलं, "यंदा तळताना दार उघडं ठेवू. आणि कढईत तेल निम्म्याच्या वर नको."

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बास. "का गं? तिला बक्षीस मिळालं तर तुझ्या पोटात दुखाया लागलं व्हय? न्हाई बघवत तुला तिचं."

झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या मला. कारण खोटं नव्हतं ते. बघवत नव्हतंच. पण म्हणून तेल पेटायचं थांबणार होतं का? मी काही म्हणायला गेले की ते हेव्याच्या खात्यात जायचं. नळी जुनी झालीय, बदला, म्हटलं, तर हेवा. नायलॉनचा गाऊन घालून तेलापुढं बसू नकोस गं, सुती घाल, पदर खोच, म्हटलं, तर हेवा. धाकटी तोंडानं काही बोलायची नाही, नुसती मान खाली घालायची. त्याचा मला जास्त राग यायचा. भांडली असती तर बरं झालं असतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. सिलिंडर. भाऊजी घरात असताना मी अंगणात उभी राहून तोंड सोडलं. म्हटलं, तो सिलिंडर शेगडीच्या मांडीवर ठेवलाय तो उचला, नाहीतर मी यंदा एक करंजी लाटणार नाही, तुमचं तुम्ही बघा. भाऊजी कटकटीला कंटाळणारे. एजन्सीकडून नवी नळी आणून बसवली आणि शेगडी दाराच्या बाजूला सरकवून सिलिंडर खिडकीच्या कोपऱ्यात नेऊन उभा केला. नळी पुरेल तेवढं अंतर मिळालं. आत्या म्हणाल्या, "घ्या, झालं समाधान!" धाकटीनं परात त्याच खिडकीच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. आत शिरल्या शिरल्या समोर दिसावी अशी. मला वाटलं, मुद्दाम.

दिवाळीच्या तोंडावर दुपारची गोष्ट. सकाळी शेव झाली होती, जेवणं झाल्यावर धाकटी चकल्यांना बसली. कडी लागल्याचा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. आमचे हे आणि भाऊजी कामावर. आत्या माझ्या ओसरीवर पाटावर बसून रव्याचे लाडू वळत होत्या. आणि मी? मी ओले कपडे घेऊन मागच्या बोळात गेले. अंगणात दोरी रिकामी होती, ऊनही तिथंच होतं. पण मला खिडकीखाली जायचं होतं.

काय ऐकायचं होतं? तेलाचा आवाज. जुन्या तळणारीला आवाजावरनं कळतं. चकली सोडल्यावर आधी चुर्र मोठ्ठी होते, मग हळूहळू बसते, बुडबुडे कमी झाले की उलटायची. मी कपडे झटकत उभी राहिले आणि तिचे घाणे कान देऊन ऐकले. एक घाणा, दुसरा, तिसरा. मेली एकदाही चुकली नाही. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. तोंडाला कडू चव आली.

मग आवाज थांबला. आतनं पाणी ओतल्याचा आणि पातेल्यात पीठ चोळल्याचा आवाज यायला लागला. पीठ संपलं होतं, ती नवीन भिजवत होती. मी शेवटचा टॉवेल वाळत घातला. आणि वास आला. करपलेला, घशाला खवखवणारा.

पहिला विचार मनात आला तो असा: बरं झालं, करपल्या चकल्या! खरंच आला. माझ्या मनाला अगदी गार वाटलं. दृष्ट लागली म्हणतील, म्हणू देत.

आणि मग अंगावर काटा आला. कढईत चकली कुठं होती? चुर्र नव्हती, काही नव्हतं. आत काही नाही आणि तरी करपतंय, म्हणजे करपतंय ते तेल. ती पीठ मळतेय, पाठ कढईकडं, गॅस खाली तसाच मोठा. खोलीत सकाळपासूनचा धूर कोंडलेला, डोळे आधीच चुरचुरत असणार, नवा धूर तिला कसा कळायचा?

मी खिडकीवर थाप मारली. "अगं, गॅस बंद कर! तेल जळतंय!"

आत चोळणं थांबलं. मग तिचा तो मऊ आवाज. "ताई, नका ना आता. चकल्या बिघडतील."

"अगं चकल्या गेल्या खड्ड्यात! कढईकडं बघ!"

तिनं बघितलं असेल. कारण तेवढ्यात भप्प असा आवाज झाला आणि ती किंचाळली.

लाकडी खिडकीच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. मी डोळा लावला. कढईतून जाळ वर उठला होता, पिवळाजर्द, पत्र्याकडं जीभ काढलेला. शेगडी दाराजवळ, त्यामुळं दार जाळापलीकडं. धाकटी खिडकीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. ती वाकली आणि तिनं पाण्याची कळशी उचलली.

मला त्या मैदानातला लोळ दिसला. माणसाच्या दुप्पट. आणि ही बाई नायलॉनच्या गाऊनमध्ये, बंद खोलीत.

"पाणी टाकू नको!" मी ओरडले. "कळशी खाली ठेव! खाली ठेव म्हणते ना!"

ती थांबली. कळशी हातात, तोंड खिडकीकडं. एवढ्याशा फटीतनं तिला माझा एक डोळा दिसत असेल फक्त. ती काय विचार करत होती ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. हिचं ऐकू? जी माझं कधी बरं चिंतत नाही तिचं? कढईत आग दिसतेय, हातात पाणी आहे, आणि ही म्हणते टाकू नको. जन्मात मला कधी एवढी भीती वाटली नाही. माझ्या तोंडाकडं बघून तिनं ठरवायचं होतं, आणि माझं तोंड कसलं ते आम्हा दोघींना माहीत होतं.

मी आवाज खाली आणला. कसा आणला, देव जाणे. म्हटलं, "बाळा, पाण्यानं भडका उडेल. मी बघितलंय. ऐक माझं एवढं. तुझ्या पायाशी सिलिंडर आहे. आधी रेग्युलेटर बंद कर."

बाळा म्हणाले तिला. कधी म्हटलं नव्हतं.

तिनं कळशी खाली ठेवली. खाली बसली, पिठाच्या हातानं रेग्युलेटर फिरवला. हात घसरला, परत फिरवला. टक् झालं. कोपऱ्यात होता म्हणून. जुन्या जागी असता तर जाळाखाली हात घालावा लागला असता.

"झालं," ती रडत म्हणाली. "पण जाळ तसाच आहे ताई!"

"असूदे. आता परात काढ. तुझी बक्षिसाची. खिळ्यावरची."

"ती?"

"तीच! दुसरं काय आहे तिथं? दोन्ही हातांनी उभी धर, तोंडापुढं, ढालीसारखी. जाळ तिच्या पलीकडं. आपल्या बाजूनं कढईच्या काठावर टेकव आणि पुढं आडवी सरकव. टाकू नको वरून, सरकव. आणि लगेच मागं ये."

तिनं परात काढली. मला तिची पाठ आणि परातीची कड एवढंच दिसत होतं. परात चमकली, जाळ तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला, धाकटी "आई गं" म्हणाली, आणि अंधार झाला. खोलीत नुसता धूर. परातीच्या काठाखालून एक निळसर जीभ वळवळली आणि तीही गेली.

"उचलून बघू नको हं!" मी ओरडले. "हात लावू नको! कढई हलवू नको! खिडकी उघड!"

खिडकी उघडली. धुराचा लोट माझ्या तोंडावर आला आणि त्यातून तिचं तोंड, काजळीनं काळं, डोळ्यांतून पाणी, भुवयांचे केस आखडलेले. आम्ही एकमेकींकडं बघितलं. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावीशीही वाटली. मध्ये गज होते, काहीच करता आलं नाही.

मी धावत अंगणात आले. तोवर ती भिंतीच्या कडेनं दारापर्यंत पोचली होती आणि कडी काढत होती. उजव्या हाताला मनगटाच्या वर भाजलं होतं, कातडी लाल, तकाकणारी. मी तिच्या बांगड्या उतरवल्या, सूज यायच्या आधी, आणि तिला तसंच अंगणातल्या नळाखाली बसवलं. आत्या धावत आल्या, हातात टूथपेस्ट. मी त्यांचा हात धरला. "काही लावायचं नाही. नुसतं पाणी. धार चालू राहू द्या. मग डॉक्टर."

आत्यांनी खोलीत डोकावून बघितलं. काळा पत्रा, कढईवर परात, भिंतीवर काजळी. मग माझ्याकडं वळल्या. रागानं लालबुंद झाल्या होत्या. "दृष्ट लागली! म्हनलं न्हवतं? कोन उभं हुतं खिडकीपाशी? तूच ना? कशाला गेल्तीस तिथं?"

 कशाला गेले होते ते मला ठाऊक होतं. चकल्या ऐकायला. करपल्या तर बरं वाटायला.

नळाखालनं धाकटी बोलली. रडणं थांबवून, मान वर करून, आणि आयुष्यात पहिल्यांदा आत्यांच्या तोंडावर. "आत्या, त्या तिथं होत्या म्हणून मी आहे. दार मी लावलं होतं."

 आत्या पाटावर जाऊन बसल्या आणि लाडू वळायला लागल्या. लाडू फुटत होते, परत वळत होत्या.

धाकटी डॉक्टरकडून पट्टी बांधून आली तेव्हा तिनं भिजवलेलं पीठ तसंच पडलं होतं. भाजणी टाकून कशी द्यायची? संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर, माझ्या छोट्या कढईत, निम्मंच तेल घेऊन ते तळलं. दार उघडं, खिडकी उघडी, सगळ्या गल्लीनं बघितलं तरी चकली तेल प्यायली नाही. धाकटी स्टुलावर बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "ताई, एक सांगू? मला आत्या रोज म्हणायच्या, थोरली किती वर्सं तळत हुती, कधी एक डाग पडला न्हाई भिंतीला. तुमच्यासमोर बसून तळायची मला भीती वाटायची. कडी लावली की सुटल्यासारखं व्हायचं."

मी घाणा उलटत राहिले. मला कधी म्हणाल्या नाहीत आत्या असलं काही. मला फक्त तिच्या चकलीचं ऐकवायच्या. म्हणजे म्हातारीनं दोघींना दोन चुलींवर ठेवलं होतं. मला हसू आलं, आणि रागही आला, आणि मनातल्या मनात बरंही वाटलं. एक डाग नाही म्हणाल्या!

भाऊबीजेला नणंद आली. तिचं शिर्डीला लॉज आहे, दिवाळीच्या गर्दीतून कशीबशी एका दिवसाची सुटते. तिनं चकली खाल्ली आणि धाकटीला म्हणाली, "वहिनी, काय हात आहे गं तुझा!"

धाकटी म्हणाली, "अहो, तळल्या ताईंनी. माझा हात तर भाजलेला."

"तळल्या कुणी का असेनात," नणंद दुसरी उचलत म्हणाली. "भाजणी तुझीच ना? चव तिचीच!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आग विझवली तरी माझी विझेना. मी उठून आत गेले आणि भांडी आपटली.

यंदाच्या दिवाळीला पत्र्याची खोली पुन्हा धुतली. भाऊजींनी विटांचा कट्टा बांधून शेगडी त्यावर चढवली. सिलिंडर खाली, खिडकीच्या कोपऱ्यातच. खिडकीच्या फळ्या काढूनच टाकल्या, नुसते गज. आणि दाराची कडी धाकटीनं स्वतः पेचकस घेऊन उपसली. आत्या म्हणाल्या, "आगं, दृष्ट लागंल!" ती म्हणाली, "लागू द्या. चकलीच बिघडेल."

तळण तिचंच ठरलं. मला वाटलं होतं, वर्षभरानं तरी आत्या म्हणतील, यंदा थोरली बसू दे. नाही म्हणाल्या. मी अंगणात करंज्यांचे डबे पुसत होते. तेव्हा धाकटी आली, सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, मनगटाच्या वर तो गुलाबी वण. हातात परात. घासघासून पांढरी केली होती, पण मधोमध निळा-काळा गोल डाग राहिलाच होता, तो काही निघाला नव्हता.

"ताई, दारात बसता?"

"मी कशाला?"

"तुम्ही नसलात तर मला धूर कळत नाही," ती म्हणाली आणि परात माझ्या मांडीवर ठेवली.

मी पाट घेऊन दारात बसले. पहिली चकली पडली. चुर्र झाली, बसली, तिनं उलटली. काढून तिनं मला अर्धी दिली. काट्याला काटा. कुर्रकन मोडली. तेलाचा थेंब नाही बोटाला.

माझ्यापेक्षा चांगली. याही वर्षी. पोटात तीच कळ उठली, ओळखीची, जुनी. मी परात दोन्ही हातांनी धरली आणि तळण संपेपर्यंत दारातून उठले नाही.